मधला दीड

log₂3 आणि log₃5 या दोन संख्यांपैकी मोठी कोणती? कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबलही नाही, हाताशी फक्त कागद आणि पेन.

असा प्रश्न समोर आला की मन आधी एक सोपी वाट शोधतं. पहिल्या संख्येत २ वरून ३ वर जायचं आहे, म्हणजे दीडपट. दुसऱ्या संख्येत ३ वरून ५ वर जायचं आहे, म्हणजे दीडपटीहून थोडं जास्तच. उडी मोठी, तेव्हा संख्याही मोठी, असं म्हणून आपण log₃5 ला कौल देतो. कौल चुकतो. तो का चुकतो हे पाहण्याआधी लॉग म्हणजे काय याची थोडी उजळणी करू, कारण शाळा सुटल्यावर बहुतेकांच्या डोक्यातून पहिल्यांदा निघून जातं ते हेच.

log₂3 हा एक प्रश्नच आहे: २ चा कितवा घात घेतला की ३ मिळतात? २ चा पहिला घात २ आणि दुसरा घात ४. आपल्याला हवे आहेत ३. म्हणजे घातांक १ आणि २ यांच्या मध्ये कुठेतरी असणार. log₃5 मध्ये पाया ३ आहे. ३ चा पहिला घात ३, दुसरा ९, आणि हवे आहेत ५. इथेही घातांक १ आणि २ च्या मधलाच. दोन्ही संख्या एकाच खोलीत राहतात एवढं कळलं, पण पुढे कोण आणि मागे कोण हे कळलं नाही.

आता चुकलेल्या कौलाकडे पाहू. उडी किती मोठी आहे यावर लॉग ठरत नाही. ती उडी मारायला पाया किती जोर देतो, हेही त्यात येतं. पाया ३ असेल तर घातांक एकाने वाढला की संख्या तिप्पट होते, पाया २ असेल तर दुप्पटच होते. उडी थोडी मोठी आहे खरी, पण ३ चा जोरही मोठा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्यामुळे नुसत्या नजरेने निवाडा होत नाही.

मग काय करायचं? दोन्ही संख्या अपरिमेय आहेत. म्हणजे अंश आणि छेद अशा पूर्णांकांच्या रूपात त्या नेमक्या लिहिता येत नाहीत. log₂3 बरोबर अमुक भागिले तमुक असं असतं, तर २ चा एक घात आणि ३ चा एक घात तंतोतंत सारखे आले असते. पण २ चा प्रत्येक घात सम आणि ३ चा प्रत्येक घात विषम, ते सारखे येणार कसे? पाया ३ आणि ५ असतानाही तसंच: ३ च्या घाताला ३ ने भाग जातो, ५ च्या घाताला कधीच जात नाही. तेव्हा या दोन संख्या थेट एकमेकींशी भिडवता येत नाहीत. पण एखादा साधा अपूर्णांक मध्ये उभा करून दोघींनाही त्याच्याशी भिडवता येतं. एक त्याच्याहून मोठी निघाली आणि दुसरी लहान, की प्रश्न सुटला.

दोन्ही संख्या १ आणि २ च्या मध्ये आहेत, तेव्हा पहिला उमेदवार अर्थातच दीड, म्हणजे ३/२.

log₂3 हा ३/२ हून मोठा आहे का? हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत असा: २ चा दीडावा घात ३ पर्यंत पोहोचतो का? दीडावा घात म्हटलं की वर्गमूळ येतं, आणि वर्गमूळ आलं की हात आखडतो. पण दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर मूळ उरतच नाही. २ च्या दीडाव्या घाताचा वर्ग म्हणजे २ चा घन, ८. ३ चा वर्ग ९. आठ नवापेक्षा लहान, म्हणजे दीड घात घेऊनही २ अजून ३ च्या अलीकडेच आहे. अजून थोडा घातांक लागेल. तेव्हा log₂3 दीडापेक्षा मोठा.

आता दुसरी संख्या. ३ चा दीडावा घात ५ पर्यंत पोहोचतो का? पुन्हा वर्ग करू. ३ चा घन २७, ५ चा वर्ग २५. सत्तावीस पंचविसाच्या पुढे गेले, म्हणजे दीड घातातच ३ ने ५ ला ओलांडलं. तेव्हा log₃5 दीडापेक्षा लहान.

झालं. log₂3 > ३/२ > log₃5. आकडेमोड सगळी पाढ्यांतली: ८ आणि ९, २५ आणि २७. पडताळा हवा असेल तर लॉग टेबलमध्ये २, ३ आणि ५ चे लॉग ०.३०१०, ०.४७७१ आणि ०.६९९० असे मिळतात. भागाकार केले की पहिली संख्या सुमारे १.५८५ आणि दुसरी सुमारे १.४६५ येते. दीड त्यांच्या मध्ये आहे खरा, पण दुसऱ्या संख्येपासून तो जेमतेम ०.०३५ दूर आहे. २५ आणि २७ इतके जवळ आले ते यामुळेच.

या रीतीत चूक होण्याची एक ठरलेली जागा आहे. ३/२ शी तुलना करताना अंश कोणाच्या डोक्यावर जातो आणि छेद कोणाच्या, यात गोंधळ होतो. अंश नेहमी पायाचा घातांक होतो आणि छेद दुसऱ्या संख्येचा. उलटं झालं तर २ चा वर्ग आणि ३ चा घन, म्हणजे ४ आणि २७ यांची तुलना होते. दोन आकड्यांत इतकी मोठी तफावत दिसली की आधी घातांकांची अदलाबदल झाली नाही ना, हे पाहावं. उमेदवार अपूर्णांक खऱ्या संख्येच्या जवळपास असेल तर आकडेही जवळपासच येतात.

जाणकार वाचक इथे विचारतील की यासाठी सरासरीची प्रसिद्ध युक्ती का वापरली नाही. ती युक्ती अशी: log₂3 आणि log₃5 यांची तुलना म्हणजे ३ च्या लॉगचा वर्ग आणि २ व ५ च्या लॉगचा गुणाकार यांची तुलना. दोन धन संख्यांचा गुणाकार त्यांच्या सरासरीच्या वर्गाहून मोठा नसतो. २ आणि ५ च्या लॉगची बेरीज म्हणजे १० चा लॉग, आणि त्याचं निम्मं म्हणजे १० च्या वर्गमुळाचा लॉग. तेव्हा तो गुणाकार १० च्या वर्गमुळाच्या लॉगच्या वर्गाहून मोठा नाही, एवढं पक्कं. पण १० चं वर्गमूळ ३ हून थोडं मोठं आहे. आपल्याला ते ३ हून लहान हवं होतं. युक्ती दाराशी येऊन अडते. log₂3 आणि log₃4 अशी जोडी असती तर २ गुणिले ४ म्हणजे ८, त्याचं वर्गमूळ ३ हून लहान, आणि काम एका ओळीत झालं असतं. आठाच्या जागी दहा आले आणि हत्यार बोथट झालं. अपूर्णांकाच्या रीतीला असं काही अडत नाही. माझ्या मते शिकायची असेल तर आधी हीच शिकावी.

आपल्या जोडीत पहिलाच उमेदवार कामी आला हे मात्र नशीब. दर वेळी दीड मध्ये बसेलच असं नाही. खरी गंमत तिथून पुढे आहे, म्हणून दुसरी जोडी घेऊ: log₂3 आणि log₃6.

पहिली संख्या दीडाहून मोठी हे आपल्याला माहीत आहे. दुसरीसाठी ३ चा घन २७ आणि ६ चा वर्ग ३६. सत्तावीस अजून छत्तिसाच्या अलीकडे आहेत, म्हणजे तीही दीडाहून मोठी. दोन्ही एकाच बाजूला. यावरून कोण मोठं हे काहीच कळत नाही, आणि "दोन्ही दीडाच्या वर, म्हणजे साधारण सारख्याच" असा निष्कर्षही काढता येत नाही. एवढंच कळलं की आता दोघी ३/२ आणि २ यांच्या मध्ये आहेत.

पुढचा उमेदवार कोणता घ्यायचा? ३/२ आणि २ यांची नेहमीची सरासरी ७/४ येते. ती चालेल, पण छेद लवकर फुगत जातात आणि त्यांच्याबरोबर घातही. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे शाळेत ज्याबद्दल गुण कापले जातात तेच करणं: अंशात अंश मिळवायचा आणि छेदात छेद. ३/२ आणि २/१ यांपासून ५/३. बेरीज म्हणून हे साफ चूक आहे, पण येणारा अपूर्णांक दोघांच्या मध्येच पडतो. फलंदाजाने एका डावात २ चेंडूंत ३ धावा काढल्या आणि दुसऱ्या डावात १ चेंडूत २, तर दोन्ही मिळून ३ चेंडूंत ५ धावा. एकत्रित गती दोन्ही डावांतल्या गतींच्या मध्येच असणार, ती कमी गतीच्याही खाली किंवा जास्त गतीच्याही वर जाईल कशी?

असे अपूर्णांक एका झाडासारखे रचता येतात, आणि ही रचना दोन माणसांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. जर्मन गणिती मोरिट्झ स्टर्न यांनी १८५८ साली, आणि फ्रेंच घड्याळजी आशील ब्रोको यांनी १८६१ साली. ब्रोको यांना त्याची गरज धंद्यात पडली होती. घड्याळातल्या चाकांना दाते पूर्ण संख्येतच असतात. हवं ते गुणोत्तर कमीत कमी दात्यांच्या चाकांनी जवळपास कसं साधायचं, हा त्यांचा प्रश्न होता. आपला प्रश्नही जातीने तोच आहे: दोन संख्यांच्या मधला, छेद लहानात लहान असलेला अपूर्णांक हवा, म्हणजे घात लहान राहतील. या झाडावरून खाली उतरताना दोन संख्यांना वेगळं करणारा जो पहिला अपूर्णांक भेटतो, त्याचाच छेद सर्वांत लहान असतो.

आता ५/३ शी तुलना. २ चा पाचवा घात ३२, ३ चा घन २७. बत्तीस पुढे गेले, म्हणजे log₂3 हा ५/३ हून लहान. ३ चा पाचवा घात २४३, ६ चा घन २१६. इथेही पाया पुढे गेला, म्हणजे log₃6 सुद्धा ५/३ हून लहान. पुन्हा दोघी एकाच बाजूला. पण जागा आणखी अरुंद झाली: ३/२ आणि ५/३ यांच्या मध्ये.

अंशात अंश, छेदात छेद: ८/५. २ चा आठवा घात २५६, ३ चा पाचवा घात २४३. पाया पुढे, तेव्हा log₂3 हा ८/५ हून लहान. ३ चा आठवा घात ६५६१, ६ चा पाचवा घात ७७७६. पाया मागे, तेव्हा log₃6 हा ८/५ हून मोठा. फुटल्या वाटा. log₂3 < ८/५ < log₃6.

आपण ज्या अपूर्णांकांवरून आलो ते एकदा ओळीने वाचा: १, २, ३/२, ५/३, ८/५. अंशांची माळ १, २, ३, ५, ८. ही फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाणारी माळ. आपल्याकडे ती छंदशास्त्राच्या अंगाने आली. लघु-गुरू मात्रांच्या रचना मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकात ती सांगितली आहे. लॉगच्या तुलनेत ती कशी आली, हा योगायोग की आणखी काही?

योगायोग नाही. ६ म्हणजे ३ गुणिले २, म्हणून log₃6 म्हणजे १ अधिक log₃2. आणि log₃2 हा log₂3 चा व्यस्त आहे. log₂3 ला एखादं अक्षर, समजा क, म्हटलं तर आपली तुलना क आणि १ + १/क यांच्यात होती. हे दोन्ही नेमके सारखे होतात ते क सुवर्ण गुणोत्तर असतं तेव्हा, म्हणजे सुमारे १.६१८. क त्याहून लहान असेल तर १/क मोठा होतो आणि १ + १/क सुवर्ण गुणोत्तराच्या पलीकडे जातो. म्हणजे सुवर्ण गुणोत्तर या दोन संख्यांच्या मध्ये अडकलेलंच आहे. झाडावरून दोघींना एकत्र धरून खाली उतरताना आपण नकळत त्याच्याच दिशेने चाललो होतो, आणि त्या वाटेवर फिबोनाचीचेच अपूर्णांक भेटतात. दिसायला साध्या जोडीच्या पोटात हे दडलेलं असेल असं प्रश्न वाचून तरी वाटत नाही.

log₂3 चा पाठलाग आणखी थोडा करण्यासारखा आहे, कारण ही संख्या गाणाऱ्यांच्या कानात रोज असते. ३/२ आणि ८/५ च्या मध्ये ११/७, आणि त्यात पुन्हा ८/५ मिळवले की १९/१२. २ चा एकोणिसावा घात ५,२४,२८८ आणि ३ चा बारावा घात ५,३१,४४१. दोन्ही सव्वापाच लाखांच्या आसपास, आणि त्यांतला फरक दीड टक्क्याहून कमी. याचा अर्थ काय? तंबोऱ्यावरचा पंचम षड्जाच्या दीडपट कंपनांचा असतो आणि तार षड्ज दुप्पट. पंचमाचा पंचम, त्याचा पंचम असं बारा वेळा चढत गेलं तर आपण जवळजवळ सात सप्तकं वर, पुन्हा षड्जावर येतो. जवळजवळ, कारण २ चा आणि ३ चा घात कधी तंतोतंत जुळत नाही. सप्तकात बारा स्वर ठरण्यामागे १९/१२ या अपूर्णांकाचा मोठा हात आहे. तो उरलेला दीड टक्क्याच्या आतला फरक पेटीत बाराही पंचमांवर सारखा वाटून टाकलेला असतो. म्हणून हल्लीच्या पेटीचा पंचम तंबोऱ्याच्या पंचमाहून केसभर उतरलेला असतो.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन संख्या जितक्या जवळ, तितका मधला अपूर्णांक खोल आणि घात मोठे. log₂3 आणि log₅13 घ्या. टेबलप्रमाणे दुसरी संख्या सुमारे १.५९४, म्हणजे फरक ०.०१ हूनही कमी. ३/२, ५/३, ८/५, ११/७, १९/१२ यांपैकी एकही त्यांना वेगळं करत नाही. पुढचा २७/१७ करतो. पण त्यासाठी २ चा सत्ताविसावा घात आणि ३ चा सतरावा घात काढावे लागतात. ते अनुक्रमे १३,४२,१७,७२८ आणि १२,९१,४०,१६३, ते अजून जमतं. पुढे ५ चा सत्ताविसावा आणि १३ चा सतरावा घात काढायचे, ते दोन्ही एकोणीस अंकी. रीत चुकलेली नाही, कागद अपुरा पडतो. अशा वेळी निमूटपणे टेबल उघडावं.

दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. log₂3 आणि log₄9 यांची तुलना या रीतीने करायला बसलात तर ती कधीच संपणार नाही. प्रत्येक अपूर्णांक दोघींच्या एकाच बाजूला पडेल, कारण त्या दोन वेगळ्या संख्याच नाहीत. ४ म्हणजे २ चा वर्ग, ९ म्हणजे ३ चा वर्ग, दोन्ही लॉग एकच. वेगवेगळ्या दोन संख्यांच्या मध्ये अपूर्णांक असतोच, पण एकाच संख्येच्या मध्ये काय असणार? म्हणून सुरुवातीलाच पाहून घ्यावं की एका जोडीतला पाया आणि संख्या यांचा सारखाच घात घेतला की दुसरी जोडी मिळते का. ८ आणि २७, १६ आणि ८१ असे आकडे दिसले तर हमखास सावध व्हावं.

आता एक जोडी तुमच्यासाठी: log₄5 आणि log₅7. दोन्ही १ आणि २ च्या मध्ये आहेत, दीड दोघींच्या वर पडतो, ४/३ आणि ५/४ सुद्धा. त्याच्या पुढच्या अपूर्णांकावर मात्र वाटा फुटतात, आणि तिथे लागणारा सर्वांत मोठा आकडा आहे ७ चा पाचवा घात, १६,८०७. मोठी संख्या कोणती ते कागदावर करून पाहा, फोनमधला कॅल्क्युलेटर न उघडता.